झाकण लावा, लावावे की लावायचं?

मिक्सरच्या बुडाला एक छोटं लाल बटण असतं. भांड्यात ओलं खोबरं जरा जास्त कोंबलं, किंवा इडलीची डाळ पुरेसं पाणी न घालता फिरवली, की मोटरवर ताण येतो आणि ते बटण खट्कन बाहेर येऊन मिक्सर बंद पाडतं. मोटर जळू नये म्हणून केलेली ती सोय. पण असं काही बटण आहे हेच ठाऊक नसतं, मग चांगला धडधाकट मिक्सर पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला जातो, आणि दुकानदार तो उलटा करून, बटण दाबून, परत हातात देतो.

पुस्तिकेत हे सगळं लिहिलेलं असतं. आईचा मिक्सर असाच चटणी वाटता वाटता बंद पडला तेव्हा मी फोनवर होते. भाचा तिच्याकडे सुट्टीला आला होता. त्याला म्हटलं, ओट्याखालच्या खणात पुस्तिका आहे, मराठीचं पान काढ आणि तिला वाचून दाखव. त्यानं वाचलं, "मोटरवर अतिरिक्त भार आल्यास उपकरण आपोआप बंद होते. अशा प्रसंगी विद्युतपुरवठा खंडित करण्यात यावा." लगेच आईचा आवाज आला, "कुणी खंडित करायचा? वायरमनला बोलवायचं का?" भाचा जरा थांबला आणि म्हणाला, "अगं आजी, प्लग काढ म्हणतायत."

ते वाक्य माझं नव्हतं. पण गेली काही वर्षं मी याच पुस्तिकांचे अनुवाद करते आहे आणि तसली वाक्यं मीही लिहून दिलेली आहेत. म्हणून हा वाद मी थोडा स्वतःशीही घालते आहे. वाचणाऱ्याला काय म्हणायचं, तू, तुम्ही की आपण, आणि क्रियापदाचं रूप कोणतं घ्यायचं, हा प्रश्न आमच्या धंद्यात शिष्टाचाराचा मानला जातो. जितका आदर जास्त तितका अनुवाद चांगला, असा हिशेब असतो. माझं म्हणणं असं की घरगुती उपकरणाच्या पुस्तिकेत तो आधी सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तिथे 'करा' आणि 'करू नका' हीच रूपं हवीत, आणि त्यांतला 'तुम्ही' शक्यतो न उच्चारलेलाच बरा.

'तू'चा निकाल पटकन लागतो. जाहिरातीत 'तू' चालतो, पण पुस्तिका ज्यांच्या हातात जाते त्यांत सासूबाई असतात, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी असतात, निवृत्त शिक्षक असतात. आणि 'तू' आला की मराठीत लिंगही येतं. 'झाकण लावायला विसरलास तर' म्हणावं की 'विसरलीस तर'? 'तुम्ही विसरलात तर' म्हटलं की हा पेचच राहत नाही. 'करतोस, करतेस'चं 'करता' होतं आणि मिक्सर बाईच वापरणार हे गृहीत धरायची वेळ येत नाही. मराठीनं आदराच्या निमित्तानं फुकटात दिलेली ही सोय आहे.

'आपण'चं दुखणं वेगळं आहे. तो शब्द पुस्तिकांत शिरला तो बहुतेक हिंदीच्या वाटेनं. एकाच कागदावर इंग्रजी, हिंदी, मराठी असे रकाने असतात, मराठीचं काम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हिंदी असते, आणि 'आप'च्या जागी 'आपण' आपसूक बसतो. शिवाय हिंदीत 'तुम' जवळिकीचा, बरोबरीचा. म्हणून हिंदीच्या सवयीनं ऐकणाऱ्याला मराठीतला 'तुम्ही'ही कमी दर्जाचा वाटतो. तो तसा नाही. आपण डॉक्टरांना तुम्ही म्हणतो, बँकेतल्या साहेबांना तुम्ही म्हणतो, व्याह्यांनाही तुम्हीच म्हणतो. हिंदीतल्या 'आप'चं रोजचं काम मराठीत 'तुम्ही'च करतो.

आणि 'आपण' हा मराठीत एकाच वेळी तीन कामांवर असलेला शब्द आहे. समोरच्याला मान द्यायला तो आहे, 'तुम्ही आणि मी मिळून' म्हणायला तो आहे, आणि 'स्वतः' या अर्थीही तोच आहे. वरच्या परिच्छेदात मी 'आपण डॉक्टरांना तुम्ही म्हणतो' असं लिहिलं, तिथे तो दुसऱ्या कामावर होता. गप्पांत यानं काही बिघडत नाही, कारण बोलणारा समोर असतो. पुस्तिकेत बिघडतं. 'बिघाड झाल्यास उपकरण आपल्या सेवा केंद्रात आणावे' हे वाक्य घ्या. आपल्या म्हणजे कुणाच्या? कंपनीच्या, की गिऱ्हाइकाच्या घराजवळच्या? हमीच्या पानावर 'आपल्या खर्चाने पाठवावे' असं एकदा माझ्यासमोर तपासायला आलं होतं. मुळात खर्च गिऱ्हाइकानं करायचा होता, पण मराठी वाचून कंपनी आपल्या खर्चानं नेईल असंही कुणी म्हणू शकला असता, आणि त्याला चूक म्हणता आलं नसतं. 'ग्राहकाने स्वतःच्या खर्चाने पाठवावे' असं लिहून तो प्रश्न मिटला. ते वाक्य कराराचं होतं, दोन पक्षांची नावं घेणारं होतं, म्हणून तिथे 'पाठवावे' शोभलंही.

खरा झगडा आहे तो या '-वे'शी.

शाळेत वाक्यांचे प्रकार शिकवताना आज्ञार्थी आणि विध्यर्थी असे दोन वेगळे खण केलेले असतात. आज्ञार्थात आज्ञा, विनंती, उपदेश. विध्यर्थात कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा. 'मुलांनी वडीलधाऱ्यांचा मान राखावा' हे कर्तव्य, आणि 'आज तरी पाऊस पडावा' ही इच्छा; रूप मात्र एकच. मराठी माणूस हे रूप ऐकतो तेव्हा त्याच्या कानाला त्यात थोडी मोकळीक ऐकू येते. 'रात्री नखं कापू नयेत', 'जेवल्यावर लगेच आंघोळ करू नये', ही वाक्यं आपण लहानपणापासून ऐकली आणि सोयीनं मोडलीही. आता त्याच रांगेत हे बसवून पाहा: 'मिक्सर चालू असताना पात्यांना हात लावू नये.' व्याकरणात कुठे चूक नाही. फक्त आजीच्या उपदेशांच्या यादीत आणखी एकाची भर पडल्यासारखं वाटतं. 'हात लावू नका' म्हटलं की कुणीतरी आत्ता, आपल्याला, अडवतंय हे कळतं.

मुळातल्या इंग्रजी सूचना बहुतेक ठिकाणी सरळ आज्ञेच्या असतात. पाण्यात बुडवू नका, उकळता पदार्थ भरून झाकण लावू नका, इतक्या थेट. आणि त्या तशा असायला कारण असतं. उकळता रस्सा बंद भांड्यात फिरवला की आत वाफ कोंडते, झाकण उडतं आणि तोंडावर येतं. अशी सूचना 'घालू नये' करून मराठीत आली की मूळ लेखकानं ज्या जोरानं सांगितलं होतं तो जोर वाटेतच गळतो. आदर वाढला असं समजून आम्ही इशारा पातळ करतो. त्यात 'कृपया' घातला तर विचारायलाच नको. 'कृपया चपला बाहेर काढा' ठीक आहे, तिथे खरंच कुणावर तरी कृपा होते. 'कृपया ओल्या हाताने प्लगला स्पर्श करू नये' यात कृपा कुणावर?

विध्यर्थाचा दुसरा दोष जास्त खोल आहे: तो कर्त्याला गिळतो. 'वायर बदलावी', 'पुरवठा खंडित करावा' यांत करणारा कोण ते सांगावंच लागत नाही, आणि '-ण्यात यावे' जोडलं की सांगायची सोयही उरत नाही. आमची ही सवय कचेरीच्या मराठीतून आलेली आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कामकाज मराठीत आलं आणि परिपत्रकांची एक भाषा घडली. परिपत्रकात ती कामाचीही असते, कारण कार्यवाही कोणत्या टेबलानं करायची हे वरच्या ओळीत ठरलेलं असतं. स्वयंपाकघरात टेबल नसतं, एक माणूस असतो.

विजेच्या बहुतेक घरगुती उपकरणांच्या पुस्तिकेत एक वाक्य हमखास सापडतं. ते आयईसी ६०३३५-१ या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकातून आलेलं आहे. आपलं भारतीय मानक आयएस ३०२ त्याच धर्तीचं आहे. वाक्याचा आशय असा: वायर खराब झाली असेल तर धोका टाळण्यासाठी ती उत्पादकाने, त्याच्या सेवा प्रतिनिधीने किंवा तितक्याच पात्र व्यक्तीने बदलली पाहिजे. या वाक्यातला सगळा जीव 'कुणी' या प्रश्नात आहे. वायर बदला, एवढंच सांगायचं असतं तर मानकाला हे वाक्य घालायची गरज नव्हती. आता त्याचं प्रचलित मराठी रूप असं असतं: 'विद्युत वायर खराब झाल्यास धोका टाळण्यासाठी उत्पादक, सेवा प्रतिनिधी अथवा तत्सम पात्र व्यक्तींकडून बदलण्यात यावी.' शब्द सगळे आले. पण वाचणारा तीन नावांतून जाईपर्यंत त्याच्या हाती 'वायर… बदलण्यात यावी' एवढंच राहतं, आणि घरात टेप आणि टेस्टर असतोच.

'करा'चं बंधन घालून घेतलं की हे वाक्य तसं लिहिताच येत नाही. कारण 'बदला' म्हटलं तर उलटाच अर्थ होतो, आणि ते लिहिणाऱ्याला ताबडतोब दिसतं. मग वाक्य मोडावं लागतं: 'वायर खराब झाली तर मिक्सर वापरू नका. वायर स्वतः बदलू नका. ती कंपनीच्या सेवा केंद्रातून किंवा जाणकार इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या.' मराठीत 'बदलणे' आणि 'बदलून घेणे' यांत जो फरक आहे तोच इथे कामाला आला. मला 'तुम्ही'चा आग्रह धरावासा वाटतो तो मुख्यतः यासाठी. समोर माणूस उभा केला की त्यानं काय करायचं आणि काय दुसऱ्याकडून करवून घ्यायचं हे अनुवादकाला ठरवावंच लागतं.

आता पुन्हा त्या लाल बटणाकडे. पुस्तिकेतला पुढचा मजकूर असा होता: 'विद्युतपुरवठा खंडित करून, भांड्यातील पदार्थाचे प्रमाण कमी करून, काही मिनिटांनंतर तळाशी असलेले लाल बटण दाबावे.' एकच वाक्य, आणि त्यात एकच खरं क्रियापद, अगदी शेवटी. आधीच्या दोन क्रिया 'करून, करून' अशा मागे धावतायत. मराठीला ही '-ऊन'ची माळ फार आवडते आणि गोष्ट सांगताना ती सुंदरही लागते, पण घाईत वाचणारा माणूस शेवटचं क्रियापद उचलतो. तो लाल बटण दाबतो. मिक्सरचा फिरवायचा खटका अजून दोनवर आहे, प्लग लागलेला आहे, भांड्याचं झाकण पाहण्यासाठी काढलेलं आहे. बटण आत गेलं की मोटर तत्क्षणी फिरायला लागते.

मी ते असं लिहीन: 'मिक्सर चालता चालता बंद पडला तर आधी खटका शून्यावर आणा. प्लग काढा. भांड्यातले थोडे वाटण काढून ठेवा. पाच मिनिटे थांबा. मग मिक्सर आडवा करा आणि तळाचे लाल बटण आत दाबा. त्यानंतरच प्लग लावा.' (मिनिटं अर्थातच त्या त्या मॉडेलच्या मूळ पुस्तिकेत असतील तीच घ्यायची.) यात 'तुम्ही' एकदाही आलेला नाही. 'तुमच्या मिक्सरचा प्लग', 'तुमचे हात कोरडे करा' असं इंग्रजीच्या नादानं लिहायचीही गरज पडली नाही. हात कोरडे करा म्हटल्यावर शेजाऱ्याचे कुणी पुसायला जात नाही. नागपूरकडे बोलताना 'करजो' म्हणतील, कोल्हापूरकडे 'करा की' म्हणतील, पण छापलेला 'करा' कुठेच परका वाटत नाही.

असा मजकूर मी एकदा दिला आणि तो कंपनीच्या बाजूनं तपासणाऱ्यानं सगळा '-वे' करून परत पाठवला. शेरा होता, 'भाषा आदेशात्मक वाटते.' मी उत्तर लिहिलं की हो, ती आदेशच आहे. पुढे फोनवर आमचं बरं बोलणं झालं. त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. जुन्या पाककृतींत 'कांदा बारीक चिरावा, तेलावर परतावा' असंच असायचं आणि त्यात एक घरंदाज शांतपणा होता, हे मलाही मान्य आहे. पण कांदा जाड चिरला तर भाजी बिघडते, बोट जात नाही. शेवटी आम्ही वाटणी केली. जिथे न ऐकल्यास इजा होईल किंवा यंत्र बिघडेल तिथे 'करा, करू नका'. जिथे नुसता सल्ला आहे तिथे '-वे' राहू द्यायचं: 'डाळ चार तास भिजवलेली असावी', 'मसाला आधी थोडा भाजून घ्यावा'. उलट त्यामुळे फायदा असा झाला की वाचणाऱ्याला रूपावरूनच कळू लागलं, कुठलं ऐकलंच पाहिजे आणि कुठलं ऐकलं तर बरं.

ही वाटणी कागदावर सोपी, टिकवणं अवघड. आम्ही काम करतो त्या सॉफ्टवेअरमध्ये जुने अनुवाद साठवलेले असतात. नव्या पुस्तिकेतलं वाक्य जुन्याशी तंतोतंत जुळलं की जुना मराठी मजकूर आपोआप येऊन बसतो, आणि पुष्कळदा ती ओळ कुलूपबंद असते. तिला हात लावायचे पैसे नाहीत आणि परवानगीही नाही. मग एकाच पानावर पहिली ओळ 'प्लग काढा', दुसरी 'भांडे धुवावे', तिसरी 'आपण झाकण बंद केल्याची खात्री करा' अशी सरमिसळ होते. वाचणाऱ्याला वाटतं तीन माणसं एकदम बोलतायत, आणि खरंच तसं असतं. कुठलीही पुस्तिका उघडा आणि एका पानावरची फक्त वाक्यांची शेवटची क्रियापदं वाचत जा. दोन मिनिटांत कळतं की ती एका हातची आहे की जोडकाम. म्हणून हल्ली मी काम घेतानाच विचारते, जुन्या ओळी उघडून देणार का. बहुधा नाही म्हणतात.

बटणांवरच्या शब्दांचा घोळ निराळाच. पुस्तिका माणसाला सांगते, सुरू करा. पण यंत्रावरच्या बटणाशी माणूस बोलत असतो, तिथे हुकूम देणारा तो आणि ऐकणारं यंत्र. त्या बटणावर 'सुरू करा' छापलं की आपण वॉशिंग मशीनला अहो-जाहो करतोय असं मला वाटत राहतं. 'सुरू', 'बंद', 'पिळणे' एवढं पुरतं. अर्थात यंत्रावर `START/PAUSE` असंच छापलेलं असेल तर पुस्तिकेत ते तसंच ठेवावं लागतं, नाहीतर माणूस यंत्रावर नसलेलं बटण शोधत बसतो.

माझ्या बाजूला एक मोठी अडचण आहे, ती झाकून ठेवणं बरं नाही. प्रत्यक्षात एक मराठी माणूस दुसऱ्याला यंत्र दाखवतो तेव्हा तो 'करा'ही म्हणत नाही आणि 'करावे'ही नाही. कंपनीचा मुलगा घरी येतो तेव्हा म्हणतो, "मॅडम, हे भांडं असं ठेवायचं, थोडं उजवीकडे फिरवायचं, टक आवाज आला की बसलं." बसवायचं, फिरवायचं, दाबायचं. या रूपात तू-तुम्हीचा प्रश्नच येत नाही, आणि मोठ्यानं वाचताना तर ते सोन्यासारखं आहे. भाच्याला 'खंडित करण्यात यावा'चं 'काढ' करावं लागलं. 'काढा' असतं तरी आजीसाठी त्यानं तो 'काढ' केलाच असता. 'काढायचा' असतं तर जसंच्या तसं वाचलं असतं.

तरी छापील पुस्तिकेत मी ते घेत नाही, आणि कारण इशाऱ्यांत आहे. 'हात लावायचा नाही' हे मोठ्या माणसाला वाचताना शाळेतल्या बाईंसारखं लागतं. शिवाय '-यचं'मध्ये इच्छाही असते. 'मिक्सर धुवायचा असेल तर' म्हणजे धुवायची इच्छा असेल तर, आणि लगेच पुढे 'आधी प्लग काढायचा' ही सूचना. दोन्हींना एकच रूप आलं की वाचणारा अडखळतो. बोलताना आवाजाच्या चढउतारानं हे निभावतं, कागदावर निभावत नाही. व्हिडिओसाठी मजकूर लिहायचा असेल तर मात्र मी 'करा' बाजूला ठेवून सरळ 'करायचं'वर जाते, आणि तिथे अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

त्या दिवशी भाच्यानं मिक्सर उलटा केला, बटण सापडलं, चटणी झाली. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा मिक्सरच्या वरच्या कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. आईच्या हस्ताक्षरात चार ओळी: 'खटका ० वर आणणे. प्लग काढणे. ५ मि. थांबणे. खालचे लाल बटण दाबणे.' कॅलेंडरवर ती 'गॅस लावणे', 'बिल भरणे' लिहिते, त्याच चालीवर. तू, तुम्ही, आपण यांतलं कुणीच त्यात नव्हतं. तिला म्हटलं, मी लिहून देते छान, छापून आणू. ती म्हणाली, "कशाला? मला कळतंय की."